मिरची पूड, कच्ची-पक्की बिलं आणि ‘मला माहीत नव्हतं’

प्रश्न : साखर पेठेत वडिलांचं किराणा दुकान आहे. सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी सुट्ट्या मिरची पुडीचा नमुना नेला. आता अहवाल आलाय, त्यात परवानगी नसलेला रंग सापडला म्हणून ‘असुरक्षित’ असा शेरा आहे. पूड आम्ही घाऊक व्यापाऱ्याकडून पोत्यानं आणतो, बिल आहे. रंगाचं वडिलांना काहीच माहीत नव्हतं. एक वकील म्हणतात हेतू सिद्ध केल्याशिवाय शिक्षा होत नाही. दुसरे म्हणतात, माहीत नव्हतं हा बचावच नाही. खरं काय?

उत्तर : दोघांचंही अर्धं बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावर विसंबलात तर खटला हराल. वडिलांचा हेतू वाईट होता हे सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागणार नाही. पण वडिलांना नुसतं माहीत नव्हतं एवढ्यानं ते सुटणारही नाहीत. या कायद्यात हेतूच्या जागी दुसराच प्रश्न उभा राहतो. हे टाळण्यासाठी दुकानदाराच्या हातात काय होतं, ते त्यानं केलं का, आणि केलं असेल तर ते कागदावर दिसतं का? तुमचा सगळा बचाव या प्रश्नाभोवती उभा करायचा आहे.

मी सोलापूरच्या कोर्टात बरीच वर्षं अन्नभेसळीचे खटले चालवले आहेत, जुन्या १९५४ च्या कायद्याखालचेही आणि आताच्या अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खालचेही. जवळजवळ प्रत्येक दुकानदाराचं पहिलं वाक्य तेच असतं, ‘साहेब, मी काही मिसळलं नाही.’ बहुतेक वेळा ते खरंही असतं. तरी माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात का उभा राहतो, ते आधी समजून घ्या. म्हणजे बाहेर कसं यायचं तेही कळेल.

फौजदारी कायद्याची मूळ समजूत अशी की दोषी मन नसेल तर गुन्हा नाही. चोरीत लबाडीचा हेतू लागतो, फसवणुकीत फसवण्याचा. कायद्यात तसा शब्द लिहिलेला नसला तरी कोर्ट आधी हेच धरून चालतं की विधिमंडळाला हेतू अभिप्रेत आहे. हे गृहीतक मोडायचं असेल, तर कायद्याच्या शब्दांतून किंवा त्याच्या उद्देशातून तसं स्पष्ट दिसावं लागतं. जिथे ते मोडतं त्या गुन्ह्यांना आम्ही स्ट्रिक्ट लायबिलिटीचे, म्हणजे कडक दायित्वाचे गुन्हे म्हणतो. हे कधी मोडतं आणि कधी टिकतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या जेमतेम सात महिन्यांच्या अंतराने आलेल्या दोन निकालांतून फार छान दिसतं.

पहिला खटला आपल्या मुंबईचा. मेयर हान्स जॉर्ज नावाचा एक जर्मन माणूस नोव्हेंबर १९६२ मध्ये झुरिकहून मनिलाला निघाला होता. त्याच्या जॅकेटात एकेक किलोच्या चौतीस सोन्याच्या लगडी होत्या. विमान सांताक्रूझला थांबलं, तो खाली उतरलासुद्धा नव्हता, आणि तिथेच पकडला गेला. भारतातून पुढे जाणारं सोनं विमानाच्या मालयादीत दाखवलंच पाहिजे, अशी रिझर्व्ह बँकेची नवी अधिसूचना त्याच महिन्याच्या ८ तारखेची होती. राजपत्रात ती आली २४ तारखेला, आणि हा पकडला गेला २८ ला. झुरिकमध्ये बसलेल्या माणसाला ती कळणार कशी? उच्च न्यायालयानं त्याला सोडलं. सर्वोच्च न्यायालयानं मात्र १९६४ मध्ये दोन विरुद्ध एक अशा मतांनी त्याला दोषी धरलं. बहुमताचं म्हणणं असं, की हा कायदा देशाचं परकीय चलन वाचवण्यासाठी आणि तस्करी रोखण्यासाठी आहे. ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालवून घेतलं, तर प्रत्येक तस्कर तेच देईल आणि कायदा कागदावरच राहील. शिक्षा मात्र तोवर भोगलेल्या कैदेपुरतीच ठेवली.

त्या निकालात वेगळं मत देणारे न्यायमूर्ती होते सुब्बा राव. पुढे मार्च १९६५ मध्ये नथुलाल खटल्यातला मुख्य निकाल त्यांनीच लिहिला. नथुलाल मध्य प्रदेशातल्या धारचा धान्य व्यापारी. परवान्यासाठी त्यानं अर्ज केला होता, फी भरली होती, आणि परवाना घरी पाठवून देऊ असं निरीक्षकानं सांगितल्यामुळे तो निर्धास्त होता. त्याच्या गोदामात ८८५ मण गहू सापडला तेव्हा परवाना हातात आलेलाच नव्हता. त्याला सोडण्यात आलं. जीवनावश्यक वस्तूंचा कायदाही लोकांच्या भल्याचाच आहे, पण प्रामाणिक समजुतीनं वागणाऱ्याला तुरुंगात धाडल्याशिवाय तो राबवता येत नाही असं काही नाही, हा त्यामागचा विचार होता. विधिमंडळाला ही मोकळीक फार रुचली नसावी. १९७४ मध्ये त्या कायद्यात एक कलम घालण्यात आलं. त्यानुसार कोर्टानं आरोपीचं दोषी मन गृहीत धरायचं, आणि ते नव्हतं हे आरोपीनं सिद्ध करायचं.

हे दोन निकाल शेजारी ठेवले की कोर्ट काय तोलतं ते दिसतं. कायद्यात ‘जाणूनबुजून’ असा शब्द आहे का? ज्या संकटासाठी कायदा केला ते सगळ्या समाजावर येणारं आहे का? हेतू सिद्ध करायला लावलं तर कायदा लंगडा पडेल का? आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची कसोटी १९६२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश वसाहतींच्या शेवटच्या अपील न्यायालयानं, सिंगापूरच्या लिम चिन आइक खटल्यात सांगितली. त्या माणसाला देशात प्रवेशबंदीचा हुकूम निघाला होता, पण तो त्याला कुणी कळवलाच नव्हता आणि कुठे जाहीरही केला नव्हता. न्यायाधीश म्हणाले, विषय गंभीर आहे एवढं पुरेसं नाही. कडक दायित्व लादून कायदा पाळला जायला काही मदत होते का, ते बघा. स्वतःवर नजर ठेवून, चौकशी करून, हाताखालच्यांना वळण लावून गुन्हा टाळणं त्या माणसाला शक्य होतं का? काहीच शक्य नसेल, तर त्याला शिक्षा करून साधायचं काय?

आता ही कसोटी मिरची पुडीला लावा. खाणाऱ्याला पुडीत काय आहे ते दिसत नाही, तो दुकानदारावर विसंबतो. दुकानदाराला माल कुणाकडून घ्यायचा, कसला कागद मागायचा, कसा साठवायचा हे ठरवता येतं. त्याच्या हातात बरंच काही असतं. म्हणून अन्नाच्या बाबतीत कोर्टांनी पूर्वीपासून हेतू बाजूला ठेवला. १९६१ च्या सरजू प्रसाद खटल्यात तर दुकानाचा मालक नव्हे, गल्ल्यामागे उभं राहून भेसळीचं मोहरीचं तेल विकणारा नोकर दोषी ठरला. माल आपला नाही, नफा आपला नाही, भेसळीची कल्पना नाही, या सबबी त्याच्या कामी आल्या नाहीत.

तुमच्या प्रकरणात कोर्टांच्या तर्कापर्यंत जायचीसुद्धा गरज नाही, कारण २००६ च्या कायद्यानं हे स्वतःच लिहून ठेवलं आहे. कलम ५९ म्हणतं की जो असुरक्षित अन्न बनवतो, साठवतो, विकतो किंवा वाटतो, तो शिक्षेस पात्र. त्यात ‘जाणूनबुजून’ कुठेच नाही. कुणाला इजा झालेली नसेल, तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड आहे. मृत्यू झाला तर हेच कलम किमान सात वर्षं ते जन्मठेपेपर्यंत जातं. पुढे कलम ८० मध्ये बचाव दिलेले आहेत. त्यातला ‘सी’ भाग सांगतो की वस्तुस्थितीबद्दल चुकीची पण वाजवी समजूत होती, हा बचाव चालणार नाही. ‘ई’ भाग सांगतो की विकलेल्या अन्नाचं स्वरूप किंवा दर्जा आपल्याला माहीत नव्हता, एवढंच म्हणणं बचाव ठरत नाही. वस्तुस्थितीच्या चुकीचा जो सर्वसाधारण अपवाद पूर्वी दंड संहितेच्या कलम ७९ मध्ये होता आणि आता न्याय संहितेच्या कलम १७ मध्ये आहे, त्याचं दार ‘सी’ भागानं इथे लावून घेतलं आहे. तुमचे दुसरे वकील बहुधा हेच सांगत होते.

पण ते मधलं पान न वाचता पुढे गेले. ‘सी’ आणि ‘ई’ यांच्या आधी ‘बी’ आहे, आणि तुमच्या वडिलांचा जीव त्यात आहे. सर्व वाजवी खबरदारी घेतली आणि पुरेशी दक्षता बाळगली हे सिद्ध केलं, तर तो पूर्ण बचाव आहे. तो कसा सिद्ध करता येईल, याची एक वाटही ‘बी’ भाग दाखवतो. चूक दुसऱ्या कुणाची तरी असावी, किंवा दुसऱ्यानं दिलेल्या माहितीवर आपण विसंबलेलो असावं. आपण स्वतः वाजवी तपासणी केलेली असावी, किंवा माल देणाऱ्याच्या तपासणीवर विसंबणं त्या परिस्थितीत वाजवी असावं. माल परदेशातून आपण आणलेला नसावा. जसा घेतला तशाच स्थितीत विकलेला असावा, किंवा बदल केला असेल तर त्या बदलामुळे दोष आलेला नसावा. आणि शेवटी, आपल्याला माहीत नसावं आणि संशय यायला जागाही नसावी.

शेवटची अट पुन्हा वाचा. माहीत नसणं इथे मोजलं जातं, पण बाकीच्या सगळ्या अटींच्या जोडीला. एकटं उभं राहिलं की ‘ई’ भाग त्याला पाडतो. ‘सी’ आणि ‘बी’ एकमेकांच्या विरोधात आहेत असं तरुण वकिलांना वाटतं, पण तसं नाही. मनात काय होतं यावर कायदा सुटका देत नाही, हातानं काय केलं यावर देतो.

तुमचे पहिले वकील हेतूबद्दल बोलले, तेही हवेतलं नसावं. कलम २७ मध्ये कुणाची जबाबदारी कशापुरती ते वेगवेगळं लिहिलं आहे. उत्पादक किंवा पॅकर यांच्यासाठी वाक्य सरळ आहे, अन्न कायद्याप्रमाणे नसेल तर तो जबाबदार. विक्रेत्यासाठी मात्र पाच प्रसंग दिलेत. मुदत संपल्यावर विकलेलं, अस्वच्छ जागी ठेवलेलं, चुकीच्या लेबलचं, कुणाकडून आलं ते सांगता न येणारं, आणि पाचवा, असुरक्षित आहे हे माहीत असून घेतलेलं. म्हणजे असुरक्षित अन्नाच्या बाबतीत विक्रेत्याचं ‘माहीत असणं’ कायद्यात खरोखरच लिहिलेलं आहे. यावर बचाव पक्ष म्हणतो की विक्रेत्याला कलम ५९ लावायचं तर आधी त्याला माहीत होतं हे दाखवा. सरकारी पक्ष म्हणतो की कलम ५९ स्वतंत्र आहे आणि त्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असं म्हटलंय. मी दोन्ही बाजू ऐकल्या आहेत, आणि विक्रेत्यासाठी पहिला मुद्दा मी प्रत्येक वेळी मांडतो, कारण तो कायद्याच्या शब्दांतूनच येतो. पण एकट्या या मुद्द्याच्या भरवशावर अशिलाला ठेवून मी कधीच निर्धास्त झोपलो नाही. ‘बी’ भागाचा पुरावा बरोबरीनं आणायचाच.

आता खरी गोष्ट, ज्यासाठी मी एवढं लिहितोय. वडील कायद्याच्या नजरेत ‘विक्रेते’ आहेत की ‘उत्पादक’? तुम्ही म्हणाल, आमच्याकडे साधी गिरणीसुद्धा नाही. थांबा. कायद्यातली उत्पादकाची व्याख्या असं सांगते, की दुसऱ्याकडून माल घेऊन तो विक्रीसाठी पॅक करून लेबल लावणारा, किंवा नुसतं लेबल लावणारासुद्धा उत्पादक. आपल्या पेठांमधल्या दुकानांत काय चालतं ते मला माहीत आहे. पंचवीस किलोचं पोतं येतं, दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा पोरगा पाव-पाव किलोच्या पिशव्या भरतो, मेणबत्तीवर किंवा मशीनवर तोंड चिकटवतो, आणि वर दुकानाच्या नावाचं छापील स्टिकर मारतो. त्या स्टिकरनं तुमचे वडील ‘उत्पादक’ होतात. मग विक्रेत्याचे ते पाच प्रसंग त्यांच्या कामाचे राहत नाहीत, आणि लेबलवर जे छापायला हवं ते नसेल तर चुकीच्या लेबलचा आरोप वेगळा लागतो. पोत्यातली पूड डब्यात ओतून, गिऱ्हाइकासमोर तराजूवर तोलून कागदाच्या पुडीत बांधून दिली, तर ते लेबल लावणं नाही, ती विक्रीच. म्हणून आधी मला हे सांगा, नमुना नेमका कशातून घेतला? पंचनाम्यात ‘उघड्या डब्यातून’ लिहिलंय की ‘सीलबंद पिशव्या’? तुम्ही सुट्टी पूड म्हणालात, म्हणजे बहुधा डबा. असेल तर तुम्ही बऱ्या जागी आहात.

डब्याचीही एक बाजू आहे. ‘जशी घेतली तशीच विकली’ ही अट डब्यातून नेलेल्या मालाला सिद्ध करणं अवघड जातं. एका खटल्यात मी अधिकाऱ्याची उलटतपासणी घेत होतो. डबा रिकामा होण्याआधीच त्यात नवं पोतं ओतलं जायचं, हे आमच्याच अशिलानं जबाबात सांगून ठेवलं होतं. म्हणजे डब्यातली पूड दोन पोत्यांची, कदाचित दोन व्यापाऱ्यांची. दोष कुठल्या पोत्यात होता? कुणालाच सांगता येईना, आणि सांगता न येणं आमच्या विरोधात गेलं. उलट दुसऱ्या एका दुकानात पोत्याचं शिवलेलं तोंड अर्धंच उसवलेलं होतं, शिलाईतलं कंपनीचं लेबल जागेवर होतं, आणि नमुना थेट पोत्यातून घेतल्याचं पंचनाम्यात होतं. तिथे दोषाचा माग उत्पादकापर्यंत सरळ गेला. तुमच्याकडचं ते पोतं अजून असेल तर फेकू नका. रिकामं असलं तरी शिलाईतलं लेबल, बॅच नंबर आणि तारीख जपून ठेवा, आणि आजच मोबाईलवर फोटो काढा.

आता बिल. तुम्ही म्हणता बिल आहे. पक्कं की कच्चं? कलम २६ प्रमाणे वितरकानं विक्रेत्याला मालाच्या दर्जाची लेखी हमी द्यायची असते, आणि त्याच कलमाचं परंतुक म्हणतं की बिल, कॅश मेमो किंवा इन्व्हॉइस हीच हमी धरली जाईल. म्हणजे तारेत ओवलेल्या बिलांमधलं ते एक बिल तुमच्यासाठी दोन कामं करतं. हमी म्हणून उभं राहतं, आणि माल कुणाकडून आला ते दाखवून कलम २७ मधल्या चौथ्या प्रसंगापासून वाचवतं. माल कुठून आला ते सांगता आलं नाही, तर माहीत असण्या-नसण्याचा प्रश्नच उरत नाही. दुकानदार तेवढ्यावरच जबाबदार. वहीच्या पानावर ‘मिरची १ नग’ असं खरडलेली चिठ्ठी हे काम करत नाही. त्यावर ना नाव, ना तारीख, ना परवाना. १ जानेवारी २०२२ पासून अन्नव्यावसायिकांच्या बिलावर चौदा आकडी एफएसएसएआय परवाना नंबर असणं बंधनकारक आहे. बिलावर तो आहे का बघा, आणि foscos.fssai.gov.in वर टाकून तो खरा आहे का, मालाच्या तारखेला चालू होता का, हे तपासून त्या पानाची प्रिंट काढून ठेवा. नंबर खोटा किंवा संपलेला निघाला तर सरकारी वकील पहिला प्रश्न तोच विचारतील, ‘परवाना बघितला नाहीत, मग दक्षता कसली?’

‘संशय यायला जागा नसावी’ हा भाग लोक हलका घेतात. बाजारात त्या आठवड्यात जो दर चालू होता, त्यापेक्षा फारच स्वस्तात पूड मिळाली असेल, तर कोर्ट विचारणार की स्वस्त का मिळाली. ब्याडगीच्या नावाखाली लालभडक पूड ब्याडगीच्या निम्म्या भावात मिळत नसते, हे किराणा व्यापाऱ्याला कळायलाच हवं, अशी अपेक्षा ठेवणं मला तरी गैर वाटत नाही. मात्र पाण्यात पूड टाकून बघण्याची चाचणी का केली नाही, असं कुणी म्हणालं तर तिथे थांबवा. त्या चाचणीत पाण्यात विरघळणारा रंग ओघळताना दिसतो. सुदानसारखे तेलात विरघळणारे रंग पाण्यात दिसत नाहीत, ते प्रयोगशाळेतच कळतात. तुमच्या अहवालात कुठला रंग लिहिलाय ते बघा. तेलात विरघळणारा असेल, तर दुकानाच्या गल्ल्यावर तो ओळखणं कुठल्याही वाजवी दुकानदाराला शक्य नव्हतं. मग माल देणाऱ्याच्या तपासणीवर विसंबणं वाजवी होतं, हा तुमचा मुद्दा भक्कम होतो. त्याच्यासाठी माल देणाऱ्याकडे तपासणीचा एखादा अहवाल होता का, तो तुम्ही कधी मागितला होता का, हे शोधा. एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवरही काम होऊन जातं.

आणखी एक गोष्ट, जी मी प्रत्येक दुकानदाराला पहिल्याच भेटीत सांगतो. नोकरावर ढकलू नका. ‘बी’ भागात ‘दुसऱ्याची चूक’ म्हटलंय, पण त्यातून आपला नोकर आणि आपला एजंट स्पष्टपणे वगळलेले आहेत. पोरानं चुकून दुसरा माल ओतला, असं वडील म्हणाले तर ते खरं असलं तरी बचाव होत नाही, उलट दुकानात दोष शिरल्याची कबुली होते. चूक घाऊक व्यापाऱ्याची किंवा उत्पादकाची असेल तरच या दारातून जाता येतं.

हा पुरावा आणण्याचा भार तुमच्यावर आहे, पण तो सरकारी पक्षासारखा संशयातीत सिद्ध करायचा नसतो. शक्यतेचं पारडं आपल्या बाजूला झुकलं की पुरे. कागद असतील तर वडिलांनी स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात जाऊन ते सांगावेत. मला माहीत आहे, उलटतपासणीची भीती वाटते. पण दक्षता घेतली हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला सांगताच येत नाही, आणि गप्प बसलेल्या दुकानदाराची बिलं वकिलानं कितीही फडकावली तरी त्यांना जीव येत नाही.

तारखेकडे आधी लक्ष द्या, कारण खटल्याआधीची एक पायरी बहुतेक जण गमावतात. अन्न विश्लेषकाच्या अहवालाविरुद्ध अन्न प्रशासनाच्या पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अपील करता येतं आणि नमुन्याचा राखीव भाग फेरतपासणी करणाऱ्या रेफरल प्रयोगशाळेकडे पाठवण्याची मागणी करता येते. मुदत अहवाल मिळाल्यापासून तीस दिवस. नमुना घेताना त्याचे चार भाग केले जातात. एक विश्लेषकाकडे गेला, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहिले, आणि चौथा, त्याच वेळी तुम्ही मागणी केली असती तर, मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेकडे गेला असता. अहवाल हातात कधी पडला ती तारीख पाकिटावरून किंवा पोचपावतीवरून आजच काढा. रेफरल प्रयोगशाळेचा अहवाल पहिल्यावर मात करतो. तो ‘असुरक्षित’ असाच आला तर तुम्ही आहात तिथेच राहता. ‘निकृष्ट दर्जा’ असा आला, तर प्रकरणाचा रंगच बदलतो. निकृष्ट दर्जा हा फौजदारी गुन्हा नाही, त्यावर दंड ठरवणाऱ्या निर्णय अधिकाऱ्यासमोर पाच लाखांपर्यंतचा आर्थिक दंड आहे.

त्या दंडाच्या प्रकरणातही हेतूचा प्रश्न येतो, पण वेगळ्या जागी. नियमभंगासाठी आर्थिक दंड लावायला दोषी मन लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये श्रीराम म्युच्युअल फंड प्रकरणात सेबीच्या कायद्याखाली सांगितलं, आणि इथेही तेच लावलं जातं. पण किती दंड, हे ठरवताना कलम ४९ अधिकाऱ्याला काही गोष्टी बघायला सांगतं. किती फायदा झाला, किती नुकसान झालं, पुन्हा पुन्हा घडलं का, आणि उल्लंघन त्या माणसाच्या नकळत झालं का. म्हणजे जे ‘माहीत नव्हतं’ सुटकेसाठी अपुरं पडलं, ते दंड कमी करायला पूर्ण कामाला येतं. लेखी जबाबात कलम ४९ चं नाव घेऊन ते मांडा, नुसती दयायाचना करू नका.

दोन कच्चे दुवे सरकारी बाजूकडेही असतात, तेही तपासून ठेवा. गुन्हा घडल्यापासून एका वर्षाच्या आत कोर्टानं दखल घ्यायला हवी. अन्न सुरक्षा आयुक्तांनी कारणं लिहून परवानगी दिली तर ती मुदत तीन वर्षांपर्यंत जाते. तशी परवानगी असेल तर तिच्यात खरी कारणं आहेत की छापील वाक्य, ते वाचा. आणि ज्या प्रयोगशाळेत तपासणी झाली ती त्या तारखेला मान्यताप्राप्त होती का, तेही विचारा. हे मुद्दे हेतूशी संबंधित नाहीत, पण अन्नाच्या खटल्यात माणसं यांवरही सुटतात.

पोलिसांनी याच प्रकारात जुन्या दंड संहितेची कलम २७२ किंवा २७३ लावली असतील, तर तेही कळवा. २०२४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं राम नाथ प्रकरणात सांगितलं आहे की जिथे अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ५९ लागतं, तिथे ती कलमं लावता येत नाहीत. कलम २७२ मध्ये हेतू आणि २७३ मध्ये माहीत असणं असे शब्द होते, म्हणून वकील मंडळी त्यांवर हेतूचा युक्तिवाद करतात. तुमच्या प्रकरणात ती कलमं आधीच गळून पडतील.

वडिलांना घेऊन या तेव्हा पंचनाम्याची प्रत, नमुना घेताना दिलेली नोटीस, अहवाल आला ते पाकीट, मूळ बिल, त्या महिन्यातली त्या व्यापाऱ्याची बाकीची बिलं, आणि ते पोतं, एवढं घेऊन या. अहवाल मिळून तीस दिवस व्हायला किती दिवस उरलेत, ते मात्र मला फोनवरच आधी सांगा.